वीस शब्दांत पगार

‘आकर्षक पगार’ हे दोन शब्द कुणी माझ्या काउंटरवर लिहून आणले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आकर्षक म्हणजे किती? ज्याला तो पगार घ्यायचा आहे त्याला आकडा कळू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं आकर्षक. तळ्याहून, म्हसळ्याहून माणसं एसटीचं भाडं खर्चून, ठेवणीतला शर्ट घालून येतात आणि इथे आल्यावर त्यांना कळतं की हे आकर्षण महिन्याच्या किराण्यालाही पुरणारं नाही.

अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं जाहिरात बुकिंगचं दुकान आहे. जोडीला झेरॉक्स आणि लॅमिनेशन, कारण निव्वळ जाहिरातींवर आता कुणाचं पोट भरत नाही. नावात बदल, हरवले आहे, शोकसंदेश आणि ‘पाहिजेत’. मोबाइल आल्यापासून बाकीच्या जाहिराती आटल्या, पण ‘पाहिजेत’ अजून चालतात. खेड्यात रविवारचा पेपर सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, पतपेढीच्या बाकावर दहा हातांतून फिरतो, आणि कामाच्या शोधात असलेला माणूस तो शेवटच्या पानापासून वाचायला घेतो.

रविवारच्या जिल्हा पानावर छोट्या जाहिरातींची एक स्वस्त योजना आहे. वीस शब्द, ठरलेला दर. गुरुवारी दुपारी चारपर्यंत मजकूर गेला पाहिजे. आकडा म्हणजे एक शब्द. मोबाइल नंबर म्हणजे एक शब्द. दोन शब्द मधे रेघ मारून जोडले तरी दोनच धरतात. एकविसावा शब्द जास्त पैसे देऊनही मिळत नाही, त्यासाठी चौकटीची महाग जाहिरात घ्यावी लागते. कुणी परस्पर ऑनलाइन मजकूर पाठवला आणि त्यात शब्द जास्त झाले, तर तिकडे बसलेलं कुणी विचारत नाही; शेपटाकडून कापून टाकतात. आणि शेपटाला काय असतं? नंबर. मुरूडच्या बाजूच्या एका हॉटेलवाल्याची जाहिरात अशी छापून आली होती की स्वयंपाकी पाहिजे, अनुभव पाहिजे, स्वच्छता पाहिजे, फक्त कुणाला फोन करायचा ते नव्हतं. तो माझ्याकडे भांडायला आला. मी त्याला दारातूनच परत पाठवला, कारण जाहिरात त्याने माझ्याकडे दिलीच नव्हती.

तर कापायचं काम माझं. काय कापायचं ते सोपं आहे. ‘पाहिजे’ हा शब्द पहिला जातो, कारण रकान्याच्या डोक्यावर तो मोठ्या अक्षरात आधीच असतो. ‘संपर्क’ जातो, दहा आकडे दिसले की ते फोन करायला आहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. ‘त्वरित’ बहुतेक वेळा जातो, कारण सावकाश माणूस हवाय म्हणून कुणी जाहिरात देत नाही. तीन गोष्टी मात्र मी कापू देत नाही: पगार, नंबर आणि ज्याच्यावाचून काम होणारच नाही ती एक अट. बाकी सगळा पालापाचोळा.

ती पहिल्यांदा आली तो मंगळवार होता. रेवदंड्याहून रिक्षाने आली होती, ओढणीला घाम पुसत. पस्तिशीची असेल. खांद्यावर शाळेच्या बाईंची असते तसली कापडी पिशवी. आत फळ्यावरच्या खडूऐवजी डायपरचं पाकीट होतं. तिने वहीच्या कागदाची दोन पानं माझ्यापुढे ठेवली.

“काकू, हे पेपरात द्यायचंय. पण लवकर लागेल असं द्या.”

मी वाचलं. जाहिरात नव्हतीच ती, घरची कर्मकहाणी होती. वडील पंचायत समितीत कारकून होते, निवृत्त. दिवाळीनंतर अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी. आई नाही. भाऊ ठाण्याला, बहीण पुण्याला, दोघं संसारात. ही बिनलग्नाची, म्हणून ही वडिलांपाशी. रेवदंड्याजवळच्या एका विनाअनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवायची. आठ वर्षं झाली होती. बिनपगारी रजा घेतली होती, ती वाढवून वाढवून संपत आली होती. शाळेने कळवलं होतं, येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा भरू.

“म्हणजे हा रविवार आणि त्यानंतरचा एक आठवडा,” मी म्हटलं.

“हो. माणूस मिळाला तर दोन दिवस मी त्याला सगळं दाखवीन आणि जाईन.”

“काम काय आहे खरं? एका वाक्यात सांग.”

“उचलायचं. बाकी मला सगळं जमतं काकू. भरवणं, अंघोळ, औषधं. पण नाना अंगाने भारी आहेत. उचलून बसवायला माझी ताकद पुरत नाही. मागच्या आठवड्यात दोघंही खाली पडलो. शेजारचे कोळीदादा आले तेव्हा उठलो.”

हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही. मला राग आला, तिच्यावर नाही, त्या ठाण्याच्या आणि पुण्याच्या संसारांवर. मी पेन उघडलं आणि तिच्या दोन पानांवर आडव्या रेघा मारत सुटले.

‘अंथरुणाला खिळलेल्या’ हे दोन शब्द गेले, त्यांच्या जागी ‘अर्धांगवायूग्रस्त’ हा एक लांबलचक आला. शब्द लांब असला तरी हिशेबात एकच. ‘आमचे वडील’ गेलं, ‘वृद्धासाठी’ आलं. ‘प्रेमाने सांभाळणारा’ हे तिने लिहिलं होतं, ते मी कापलं. तिने हात पुढे केला.

“ते राहू दे ना.”

“प्रेम जाहिरातीत मागून मिळत नाही. पंधरा हजार पगार लिहिलायस, तो वेळेवर दे, प्रेम आपोआप येईल.”

पगार पंधरा हजार तिनेच ठरवला होता. आसपास चौकशी करून. वडिलांच्या पेन्शनमधून तो निघत होता, कुणापुढे हात पसरायचा नव्हता. सगळं बसवून झालं तरी तीन शब्द शिल्लक राहिले. अशा वेळी लोक ‘प्रामाणिक, विश्वासू, निर्व्यसनी’ टाकतात. तिने थोडा वेळ खिडकीतून गल्लीकडे बघितलं आणि म्हणाली, “महिन्याला चार सुट्ट्या. ते लिहा. दिवाळीपासून मला एक नाही मिळालेली, मला माहितेय.”

मी लिहिलं, मोजलं, आणि तिलाही मोजायला लावलं:

‘रेवदंडा: अर्धांगवायूग्रस्त वृद्धासाठी पुरुष मदतनीस. उचलून बसवण्याची ताकद आवश्यक. चोवीस तास. राहणे, जेवण मोफत. पगार १५,०००. महिन्याला चार सुट्ट्या.’ आणि शेवटी तिचा नंबर. बरोबर वीस. इतकी नीट जाहिरात माझ्या हातून क्वचित होते. मी खूश होते, कबूल करते.

बुधवारी तिच्या भावाचा फोन आला. आवाज एसी ऑफिसातला.

“मॅडम, ती जाहिरात आमच्या नानांची. त्यात थोडे बदल आहेत.”

“जाहिरात तुमच्या बहिणीने दिली आहे. बदल तिने सांगावे लागतील.”

“ती सांगेलच. पण मी तुम्हाला लॉजिक सांगतो. एक तर उचलणं वगैरे पेपरात कसं दिसतं? गावात नानांना लोक मानतात. आणि मुलीचा नंबर पेपरात? आमच्या घरात ही पद्धत नाही. कोणीही उठून फोन करेल. नंबर माझा द्या. आणि पगार छापायचा नसतो मॅडम. आकडा दिसला की तेवढ्यासाठीच लोक येतात.”

पगारासाठी नाहीतर माणसं कशासाठी येतात? तुमच्या नानांचे पाय धरायला? हे मी त्याला बोलले. पहिलं वाक्य मोठ्याने, दुसरं फोन ठेवल्यावर. माझा स्वतःचा नंबर दुकानाच्या पाटीवर इतकी वर्षं रंगवलेला आहे. कामाचे फोन येतात, कधी एखादा आगाऊ येतो, त्याला दोन शब्द ऐकवले की पुन्हा येत नाही. बाईचा नंबर छापला म्हणून कुणाच्या घरावर वीज पडलेली मी पाहिली नाही.

पण त्याने फोन ठेवण्याआधी जे सांगितलं ते मला अजून सलतं. तो म्हणाला, “मॅडम, खरं सांगू का, मला ही जाहिरातच पटत नाही. तिला शाळेत मिळतात नऊ. आम्ही माणसाला देणार पंधरा. नऊ कमवायला बाहेर जायचं आणि घरात पंधरा घालवायचे, हा कुठला हिशेब? मी तिला म्हटलं, तुझे नऊ मी देतो, घरी बस. ऐकत नाही.”

मी विचारलं, “दिलेत का दिवाळीपासून?”

“नाही म्हणजे, ती अजून रजेवर आहे ना.”

आता बोला. बहिणीचा पगार कमी म्हणून तिचं काम फुकट. आणि ते काम बाहेरच्या माणसाने केलं की त्याचे पंधरा होतात. गणित शिकवणारी ती, पण हे असलं गणित फक्त ठाण्यातच शिकवत असतील.

गुरुवारी दुपारी अडीचला तिचा फोन आला. आवाज दबलेला. मागे वडिलांचं अस्पष्ट काहीतरी बोलणं ऐकू येत होतं.

“काकू, दादाने मजकूर पाठवलाय. मी तुम्हाला फॉरवर्ड करते. तसाच जाऊ दे.”

मी वाचलं. ‘रेवदंडा: वयोवृद्ध, निवृत्त अधिकाऱ्यांसाठी सुशिक्षित, सुसंस्कृत, शाकाहारी, निर्व्यसनी, विश्वासू, प्रामाणिक पुरुष मदतनीस त्वरित पाहिजे. घरगुती वातावरण. योग्य मानधन. सायंकाळी’ आणि ठाण्याचा नंबर.

मोजून वीस होते. मोजायला तो चुकला नव्हता. पंचायत समितीतला कारकून एका रात्रीत अधिकारी झाला होता. अर्धांगवायू बरा होऊन नुसतं वय उरलं होतं. सहा विशेषणं आणि उचलायचं कुठे नाही. आणि ‘योग्य मानधन’! ‘पगार १५,०००’ लिहिलं असतं तरी दोनच शब्द लागले असते. जागाही वाचवली नव्हती त्याने, नुसती लपवाछपवी.

“अगं, शाकाहारी?” मी म्हटलं. “रेवदंड्यात? तुमचे नाना काय खातात?”

“दुपारी बोंबील लागतात त्यांना. वहिनी शाकाहारी आहे, तिने घातलंय ते.”

“ती येणार आहे का इथे राहायला?”

त्यावर तिने पलीकडे नानांना ‘आले हं’ एवढंच सांगितलं.

“हे बघ,” मी म्हटलं, “ह्या जाहिरातीला येईल कोण? ज्याला उचलता येतं तो हे वाचून म्हणेल हे आपलं काम नव्हे. आणि जो येईल त्याला दाराशी आल्यावर कळेल की उचलायचं आहे. तुझ्या हातात एकच आठवडा आहे. माझं ऐक, परवाचीच जाऊ दे.”

“काकू, दादाला दुखवून कसं चालेल? उद्या नानांना काही झालं तर धावून तोच येणार.” मग ती म्हणाली, “तो म्हणतोय, फोन मी घेतो, माणूस मी शोधतो, तुला काही करायला नको. कधी नाही ते म्हणतोय.”

जाहिरात गिऱ्हाइकाची असते. मी चारच्या आत मजकूर पाठवला, आणि त्या दिवशी झेरॉक्सला आलेल्या प्रत्येकावर खेकसले.

रविवारी जाहिरात आली. पुढचा आठवडाभर काय झालं ते मला तिच्याकडून नंतर कळलं. फोन आले, पण थोडे. भाऊ ऑफिसातून सुटला की संध्याकाळी ते घ्यायचा. पहिला प्रश्न आडनाव. दुसरा प्रश्न, मांस-मच्छी खाता का. रायगडच्या किनाऱ्यावर बसून जो ‘नाही’ म्हणेल असा माणूस त्याला हवा होता. समोरच्याने पगार विचारला की हा म्हणायचा, आधी तुमची माहिती पाठवा, मग बघू. एकाने विचारलं, पेशंट चालता-फिरता आहे ना? तर ह्याने सांगितलं, तसं साधारण. तो माणूस पेणहून रेवदंड्याला आला, दारातून पलंगाकडे बघितलं आणि तिथूनच म्हणाला, “ताई, माझ्या कमरेचं ऑपरेशन झालंय. हे मला आधी सांगायला नको होतं का?” तिने त्याला चहा दिला, भाड्याचे पैसे दिले. तो घेत नव्हता, तिने खिशात कोंबले. आणि रोज रात्री भाऊ तिला सांगायचा, एकजण नक्की होतोय, तू काळजी करू नको. ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम छान चाललं होतं.

सोमवार आला आणि गेला. ती शाळेत गेली नाही, जाऊ शकली नाही. भावाने त्या दिवशी फोन केला नाही.

त्याच गुरुवारी ती पुन्हा माझ्या काउंटरवर होती. वडिलांपाशी कोळीदादांची बायको बसली होती, तासाभरासाठी. ह्या वेळी हातात वही नव्हती.

“ती पहिली आहे ना तुमच्याकडे? तशीच्या तशी द्या. नंबर माझा.”

“आणि दादा?”

“दादाला पेपरात वाचू दे.”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण काउंटर मधे होता आणि मी तशा स्वभावाची नाही. मी मजकूर काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर पाठवला. ती पैसे काढत होती तेवढ्यात दारात एक माणूस आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फाइल. तिला बघून तो उंबऱ्यावरच थबकला. तिच्या शाळेचा क्लार्क होता तो.

“मॅडम, तुम्ही इथे?”

“या ना सर,” ती म्हणाली. “जाहिरात का?”

त्याला पळताही येईना आणि आतही येववेना. चार वाजायला फार वेळ नव्हता. शेवटी त्याने फाइलमधला कागद माझ्याकडे सरकवला, तिला दिसू नये असा हात आडवा धरून. तो हात मला इतका झोंबला की मी कागद मोठ्याने वाचला.

‘रेवदंड्याजवळ इंग्रजी माध्यम शाळेसाठी गणित, विज्ञान शिक्षिका. बीएस्सी, बीएड आवश्यक. पाचवी ते आठवी. योग्य पगार दिला जाईल. त्वरित मूळ कागदपत्रांसह भेटा.’ पुढे शाळेचा नंबर.

आठ वर्षं जिने ते पाचवी ते आठवी शिकवलं ती माझ्यासमोर उभी होती, आणि तिची जागा मी पेनाच्या टोकाने मोजत होते.

“बावीस होतात,” मी म्हटलं. “दोन काढावे लागतील.”

क्लार्क घाईने म्हणाला, “मग ‘मूळ’ काढा. आणि ‘त्वरित’.”

“‘मूळ’ काढलंत तर झेरॉक्स घेऊन येतील, तुम्हीच परत पाठवाल. ‘त्वरित’ राहू दे, तुम्हाला खरंच घाई आहे, दिसतंय मला.” माझा आवाज चढत होता, चढू दिला. “‘योग्य पगार दिला जाईल’ ह्यात चार शब्द गेलेत तुमचे. आकडा लिहा. ‘पगार’ आणि पुढे आकडा. दोनच शब्द. वीसला वीस.”

“आकडा नको मॅडम. संस्थेचं धोरण आहे, मुलाखतीत सांगतात.”

“संस्थेचं धोरण चौकटीच्या जाहिरातीत घाला, त्याचे पैसे वेगळे. ह्या योजनेत वीस शब्द आहेत. दुसरं काय कापू? बीएड कापू? की विज्ञान कापू? की तुमचा नंबर?”

त्याने कपाळ पुसलं. “पण किती लिहू? अध्यक्षांना विचारायला हवं.”

“नऊ,” ती म्हणाली. शांतपणे. “सर, मस्टरवर नऊच आहे ना त्या जागेला? तुम्हीच तर दर महिन्याला माझी सही घेता.”

त्याने अध्यक्षांना फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला. घड्याळात पावणेचार झाले होते. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने चार शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘पगार ९,०००’. तो गेल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मी तिला म्हटलं, तू रडत असशील तर आत ये, मागे खोली आहे. ती म्हणाली, “नाही काकू, कोळीमावशी वाट बघत असतील,” आणि रिक्षा पकडायला गेली.

रविवारी दोन्ही जाहिराती छापून आल्या, एकाखाली एक. एकामागून एक पाठवल्या होत्या, तशाच लागल्या. वर तिला हवा असलेला माणूस, खाली शाळेला हवी असलेली बाई. मी पेपर पाहिला आणि घडी करून ठेवून दिला. त्या सकाळी चहा गोड लागला नाही.

तिला सकाळपासून फोन सुरू झाले. दुपारी म्हसळ्याच्या बाजूचा एक माणूस बोलला आणि सोमवारी सकाळच्या गाडीने आलाच. एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता, ते बंद पडलं. आडदांड, हात असे की नानांना पोत्यासारखं नाही, पोरासारखं उचललं, असं ती म्हणाली. कामाचं सगळं बोलून झाल्यावर तो सहज म्हणाला, “ताई, मागच्या खेपेला बी तुमचीच व्हती ना जाहिरात? रेवदंड्याची? वाचली व्हती मी. पन पगार न्हाय लिवलेला, काम काय तेबी न्हाय. म्हटलं बडे लोक हायेत, आपल्याला कशाला घेतील. फोन नाय केला.”

म्हणजे माणूस होता. दोन आठवडे आधीपासून होता. सलूनच्या बाकावर बसून त्याने तिचीच जाहिरात वाचली होती आणि पान उलटलं होतं. तो त्या आठवड्यात आला असता तर ती सोमवारी शाळेत असती. हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी इतकी संतापले की तो ठाण्याचा नंबर शोधून काढला आणि लावला. म्हटलं, तुमची सहा विशेषणं बहिणीची नोकरी खाऊन बसली. तो म्हणाला, “मॅडम, माणूस तर मिळाला ना शेवटी? मी म्हटलंच होतं मिळेल.” त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती. त्याला खरोखरच काही कळलेलं नव्हतं. अशा माणसावर ओरडून आपलाच घसा बसतो.

त्यानंतर काही दिवसांनी ती दुकानात आली. साडी नेसलेली, केस नीट बांधलेले. मी तिला असं आधी पाहिलंच नव्हतं.

“शाळेत जाऊन आले,” ती म्हणाली. “मुलाखतीला.”

“कुठल्या मुलाखतीला?”

“माझ्याच जागेच्या.”

रजा संपून हजर न झाल्यामुळे आधीची नेमणूक संपली, असं शाळेने कळवलं होतं. पण जाहिरात सगळ्यांसाठी होती, आणि बीएस्सी, बीएड तिच्याकडे होतं. मूळ कागदपत्रांसह गेली. अध्यक्ष बसले होते, शेजारी तोच क्लार्क, मान खाली. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही आमच्याच आहात, आनंद आहे, पण नेमणूक नवी धरावी लागेल, नव्यांना आम्ही सातपासून सुरू करतो.

“मग?”

“मग मी कात्रण टेबलावर ठेवलं. म्हटलं, सर, नऊ छापलंय.”

मी काउंटरवर हात आपटला. झेरॉक्सला आलेला एकजण दचकला.

“मग काय म्हणाले?”

“बघत बसले. मग क्लार्ककडे बघितलं. मग म्हणाले, छापलंय तर द्यावं लागेल.”

म्हणजे नऊ. आठ वर्षं शिकवलेल्या बाईचे नाहीत, आजच नव्याने रुजू झालेल्या बाईचे नऊ. आठ वर्षं कुठे गेली ते कुणी विचारायचं नाही. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या अध्यक्षाच्या टेबलापाशी जाऊन दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

पिशवीतून तिने ते कात्रण काढून मला दाखवलं. शाळेची जाहिरात कापताना वरची तिची स्वतःचीही त्याला चिकटून आली होती, तिने ती वेगळी केली नव्हती. अध्यक्षांनी खालची वाचल्यावर वरचीही वाचली होती. रेवदंडा, मदतनीस, पंधरा हजार.

“हसले ते,” ती म्हणाली. “मला म्हणाले, मॅडम, शिकून-सवरून नऊ हजारांसाठी कशाला येता, इथे वर बघा, म्हातारा सांभाळायला पंधरा देतायत.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, हो सर. आणि महिन्याला चार सुट्ट्या. आतापर्यंत ते काम मीच करत होते.”